पऱ्हाटीचा ट्रक विक्रोळीला

यवतमाळची पऱ्हाटी जळणासाठी विक्रोळीला पाठवायची, तर हिशेब रुपयांत नको, युनिटांत मांडू. 1 रुजवले, तर किती उगवले?

मोकळी पऱ्हाटी ट्रकमध्ये 3 टन मावते असे धरू. किलोला 4 युनिट उष्णता, म्हणजे 12,000 युनिट. जाऊन-येऊन सुमारे 1,300 किलोमीटर. लिटरला 4 किलोमीटर, तर डिझेल लागले 325 लिटर. लिटरमध्ये 10 युनिट, म्हणजे 3,250 गेले. एकाला चारही नाहीत. वीज केली, तर चौथाच हिस्सा, 3,000 युनिट, हाती येतो. पेरले त्याहून कमी!

तोच ट्रक गावाजवळ 20 किलोमीटर फिरला, तर 5 लिटर, 50 युनिट. विजेतही एकाला साठ. कापणी-कुट्टीचे डिझेल धरा, साठ खाली येतील. पण पऱ्हाटी तीच, अंतराने तिचे जळण खाल्ले.