छेदातली निरोगी माणसं

१९७८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख छापून आला. हार्वर्ड मेडिकल स्कूलशी संबंधित रुग्णालयांतल्या साठ जणांना एकच प्रश्न विचारला होता. त्यांत विद्यार्थी होते, निवासी डॉक्टर होते आणि मुरलेले वरिष्ठ डॉक्टरही होते. प्रश्न असा: एक रोग हजारात एकाला होतो. त्याची चाचणी शंभर निरोगी माणसांपैकी पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. रुग्णाच्या लक्षणांविषयी काहीच माहिती नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला खरोखर रोग असण्याची शक्यता किती?

सर्वांत जास्त लोकांनी दिलेलं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर उत्तर आहे सुमारे २ टक्के, आणि ते साठांपैकी फक्त अकरा जणांना आलं.

गणित पाहिलं तर त्यात अवघड काही नाही. हजार माणसं घ्यायची. त्यांत रोगी एक. चाचणी त्याला पकडते असं धरून चालू. उरलेले ९९९ निरोगी. त्यांच्यातले पाच टक्के, म्हणजे सुमारे पन्नास जण, विनाकारण पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह एकावन्न आणि त्यांत खरा रोगी एक. हार्वर्डच्या त्या मंडळींना गुणाकार-भागाकार येत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांनी १०० मधून ५ वजा केले आणि हजारात एक हा आकडा सरळ बाजूला ठेवला. रोग मुळात किती जणांना आहे, हे प्रमाण विसरून फक्त चाचणीच्या अचूकतेवर निकाल देण्याच्या या सवयीला मानसशास्त्रात ‘बेस रेट नेग्लेक्ट’ म्हणतात. डॅनिअल कानेमान आणि अॅमॉस ट्वर्स्की या जोडीने १९७३ च्या आपल्या प्रयोगांत ती नेमकी पकडली होती. शंभर जणांच्या गटात तीस इंजिनिअर आणि सत्तर वकील आहेत, असं त्यांनी लोकांना सांगितलं. त्यातल्या एकाचं असं वर्णन दिलं, की ज्यातून त्याच्या व्यवसायाचा काहीच पत्ता लागू नये. तरी लोकांनी तो इंजिनिअर असण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली. वर्णन दिलंच नाही, तेव्हा मात्र त्याच लोकांना तीस-सत्तर बरोबर आठवलं. म्हणजे निरुपयोगी माहितीसुद्धा मूळ प्रमाणाला डोक्यातून हुसकावून लावते. मग चाचणीच्या रिपोर्टासारखी वजनदार माहिती काय करेल!

या सवयीवरचा उतारा ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो थॉमस बेझ इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्स इथे धर्मोपदेशक होता. १७६१ साली तो वारला. त्याचा निबंध रिचर्ड प्राइस या मित्राने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणला. आज बेझचा सिद्धांत एनसीईआरटीच्या बारावीच्या गणितात आहे आणि तिथेच एचआयव्ही चाचणीचं एक उदाहरण सोडवून दाखवलेलं आहे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे एकच उदाहरण नीट खोदलं, तर त्या प्रकारातले बाकीचे प्रश्न त्यातच सापडतात.

त्यातली माहिती अशी. एचआयव्ही असलेल्यांपैकी ९० टक्के लोकांना चाचणी ओळखते, १० टक्के निसटतात. नसलेल्यांपैकी ९९ टक्के निगेटिव्ह येतात, १ टक्का चुकून पॉझिटिव्ह. लोकसंख्येत ०.१ टक्के लोकांना एचआयव्ही आहे. यादृच्छिक पद्धतीने एक माणूस निवडला, त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याला खरोखर एचआयव्ही असण्याची संभाव्यता काढा. (खऱ्या चाचण्या याहून पुष्कळ अचूक असतात, हे आकडे गणितापुरते.)

सूत्राला हात लावण्याआधी कच्च्या पानावर एक लाख माणसं उभी करावीत. त्यांतली १०० बाधित. पैकी ९० पॉझिटिव्ह. निरोगी ९९,९००, त्यांचा एक टक्का म्हणजे ९९९ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १०८९, त्यांत खरे ९०. उत्तर ९०/१०८९, म्हणजे साधारण ८.३ टक्के. टक्केवारीऐवजी अशी माणसं मोजायला दिली, की बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण बरंच वाढतं, हे गेर्ड गिगेरेंझर आणि उलरिक हॉफ्राग यांनी १९९५ मध्ये दाखवलं. पण परीक्षकाला हे कच्चं पान दिसत नाही, आणि नुसत्या उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत. त्याला घटना, दिलेल्या संभाव्यता, सूत्र आणि आकडे भरण्याची पायरी हवी असते. उत्तरपत्रिकेत ते असं उतरतं:

```
E  : व्यक्तीला एचआयव्ही आहे
E' : व्यक्तीला एचआयव्ही नाही
A  : रिपोर्ट पॉझिटिव्ह आला

P(E) = 0.001      P(E') = 0.999
P(A|E) = 0.9      P(A|E') = 0.01

P(E|A) = P(E)P(A|E) / [P(E)P(A|E) + P(E')P(A|E')]
       = 0.0009 / (0.0009 + 0.00999)
       = 90/1089 = 10/121 ≈ 0.083
```

सीबीएसईच्या पेपरला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, म्हणून शेवटच्या ओळीत दशांश चिन्हांशी झटापट न करता अंश आणि छेद दोन्हींना एक लाखाने गुणावं. कच्च्या पानावरची माणसं तिथे पुन्हा भेटतात: ९० आणि ९९९. दोन्हीकडचे आकडे जुळले, की मांडणी बरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

आता चुका. सगळ्यात घातक चूक सूत्रात होत नाही, ती टक्केवारी उतरवताना होते. ०.१ टक्के म्हणजे 0.001, घाईत विद्यार्थी नुसतंच 0.1 लिहितो. मग अंशात 0.09 येतं, छेदात 0.09 अधिक 0.009, आणि उत्तर १०/११, म्हणजे ९१ टक्के. हे उत्तर पाहून कोणाला शंकाच येत नाही! चाचणी ‘नव्वद-नव्याण्णव टक्के अचूक’ आहे, मग ९१ टक्के अगदी शोभून दिसतं. हार्वर्डच्या डॉक्टरांची जी समजूत होती, तीच इथे चुकीच्या उत्तरावर शिक्का मारून मोकळी होते. उलट ८.३ टक्के हे बरोबर उत्तर विचित्र वाटतं, आणि काही मुलं ते खोडून पुन्हा करायला बसतात.

ते ९१ टक्के मात्र अगदीच वाया गेलेलं उत्तर नाही. लोकसंख्येत दहा टक्के बाधित असते, तर तेच बरोबर ठरलं असतं: लाखात १०,००० बाधित, त्यांतले ९००० पॉझिटिव्ह, निरोगी ९०,०००, त्यांतले ९०० पॉझिटिव्ह. चाचणी तीच, किट तेच, प्रयोगशाळाही तीच. फक्त समोरचा समुदाय बदलला आणि एकाच पॉझिटिव्ह रिपोर्टाचा अर्थ ८ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेला. रोग दुर्मीळ असतो तेव्हा निरोगी माणसं इतकी जास्त असतात, की त्यांच्यातला एक टक्काही खऱ्या रोग्यांना झाकून टाकतो.

दुसरी चूक म्हणजे P(A|E) आणि P(E|A) यांची अदलाबदल. ‘रोग असेल तर पॉझिटिव्ह येण्याची’ संभाव्यता प्रश्नातच दिलेली असते. ‘पॉझिटिव्ह आल्यावर रोग असण्याची’ काढायची असते. उत्तर दिलेल्या ०.९ शीच येऊन थांबलं, तर बहुधा इथेच गफलत झाली आहे. तिसरी चूक प्रश्न घालणाऱ्याने मुद्दाम पेरलेली असते: ‘१० टक्के निसटतात’ हा आकडा. तो बाधितांचा आहे, तरी तो P(A|E') च्या जागी जाऊन बसतो आणि उत्तर ०.००९ च्या आसपास घसरतं. म्हणून आकडा लिहिण्याआधी तो कोणत्या गटाचा टक्का आहे, हे प्रश्नाच्या वाक्यातच अधोरेखित करावं.

ताडून पाहायला दोन गोष्टी पुरतात. पॉझिटिव्ह रिपोर्टानंतरची संभाव्यता मूळ ०.००१ पेक्षा मोठीच यायला हवी. अंशातलं 0.0009 हेच उत्तर म्हणून लिहिलं, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊन रोगाची शक्यता कमी झाली असा अर्थ निघतो, आणि ते अशक्य आहे. शिवाय निरोगी असण्याची संभाव्यता ९९९/१०८९ वेगळी काढून बेरीज १ येते का, ते पाहावं. आकडा चुकीच्या गटाला लावला असेल, तर मात्र या दोन्ही कसोट्या फसतात, हेही ध्यानात असू द्यावं.

प्रश्नातला ‘यादृच्छिक’ हा शब्द नुसता भरीचा नाही. त्याच्या आधारावरच P(E) = 0.001 लिहिता येतं. महिनाभर ताप, वजन घटलेलं, अशी लक्षणं घेऊन दवाखान्यात आलेला माणूस लोकसंख्येतून सहज उचललेला नसतो. त्याच्यासारख्या रुग्णांत रोगाचं प्रमाण कितीतरी जास्त असतं, आणि त्याच्या पॉझिटिव्ह रिपोर्टाला ८.३ टक्के हे उत्तर लावणं चूक ठरेल. मूळ प्रमाण विसरणं ही एक चूक, भलत्याच गटाचं मूळ प्रमाण लावणं ही तिचीच बहीण.

मग ८.३ टक्के आले म्हणजे चाचणी कुचकामी? नाही. हजारात एक असलेली शक्यता तिने ऐंशी पटींहून वर नेली. काम अर्धवट राहिलं, इतकंच. त्याच माणसाची पहिलीशी संबंध नसलेली, तितकीच अचूक दुसरी चाचणी केली आणि तीही पॉझिटिव्ह आली, तर बाधित आणि निरोगी यांचं १०:१११ हे प्रमाण ९०० : १११ होतं, म्हणजे सुमारे ८९ टक्के. तिसरीही पॉझिटिव्ह आली, तर ९९.८ टक्क्यांच्या वर. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे ‘नॅको’च्या, पद्धतीत लक्षणं नसलेल्या व्यक्तीला एका पॉझिटिव्ह चाचणीवर बाधित ठरवत नाहीत, तीन वेगवेगळ्या किटांवर निकाल पॉझिटिव्ह यावा लागतो. किट वेगवेगळी लागतात, कारण एखाद्याच्या रक्तातला जो घटक पहिल्या किटला फसवतो, तो तेच किट पुन्हा वापरलं तर पुन्हा फसवेल, आणि वरचा गुणाकार खोटा ठरेल.

परीक्षेत ‘दुसरी स्वतंत्र चाचणीही पॉझिटिव्ह आली’ असा उपप्रश्न आला, तर तेच सूत्र पुन्हा वापरावं. मात्र या वेळी P(E) च्या जागी 0.001 न लिहिता 10/121 लिहावं, आणि P(E') च्या जागी 111/121.