पान कोणत्या भाषेचं?

दोन वर्षांपूर्वी डहाणू तालुक्यातली एक शिक्षिका माझ्याकडे आली. तिच्याजवळ कुळवहिवाटीच्या एका जुन्या दाव्याची फाईल होती. ४१२ पानं स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये बांधलेली. ती म्हणाली, ‘‘काका, आजोबांचं नाव यात असायला हवं. घरी सगळे तसंच सांगतात. पण संगणकावर शोधलं की ‘सापडलं नाही’ असंच येतं.’’

जमीन कसणाऱ्याच्या दृष्टीनं १ एप्रिल १९५७ ही तारीख मोठी. १९४८च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार हा दिवस ‘कृषक दिन’ ठरला, आणि त्या दिवशी कायदेशीर कूळ म्हणून जमीन कसणारा तिचा मालक मानला गेला. म्हणून त्या सुमाराच्या एखाद्या कागदावर आजोबांचं नाव खंड देणारा म्हणून आहे की नाही, हा तिच्या घराच्या दृष्टीनं जमिनीचाच प्रश्न होता.

मी फाईल उघडली. एका पानावरचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवून पाहिला, तर रोमन अक्षरांचा नुसता चिखल. ज्यांनी स्कॅनिंग केलं होतं त्यांनी सगळी पानं इंग्रजी वाचनाच्या सेटिंगमधून काढली होती. अक्षर ओळखणाऱ्या प्रणालीला मराठी पान इंग्रजी म्हणून दिलं, तर ती ‘मला वाचता येत नाही’ असं म्हणत नाही. काना दिसला की त्याचा एल करते, अनुस्वाराचा पूर्णविराम करते, आणि पुढे जाते. पीडीएफ ‘शोधण्यायोग्य’ झाल्याचा शिक्का मात्र बसतो.

मग सगळी पानं मराठी म्हणून वाचावीत, तर तेही चालेना. १ मे १९६०पर्यंत डहाणू आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. त्यामुळे या भागातल्या फाईलींत जबाब मराठीत, वरच्या न्यायाधिकरणाचा निकाल इंग्रजीत आणि जमीनदाराचे हिशेब गुजरातीत, असा मेळ असतो. या फाईलीत त्यावर केंद्र सरकारच्या एका खात्याची हिंदी पत्रंही होती. चारही भाषा एकदम चालू ठेवता येतात. पण मग वेळ कितीतरी पटींनी लागतो, आणि शब्द जरा फिकट दिसला की प्रणाली दुसऱ्या भाषेत नशीब आजमावते. मराठी वाक्याच्या मधोमध इंग्रजी तुकडे उगवतात. तेव्हा आधी प्रत्येक पानाची भाषा ठरवायची आणि मग ते पान त्या भाषेच्या सेटिंगकडे पाठवायचं, हाच मार्ग उरतो.

मी टेसरॅक्ट ही मोफत मिळणारी प्रणाली वापरतो. तिच्यात मराठीसाठी mar, हिंदीसाठी hin, गुजरातीसाठी guj आणि इंग्रजीसाठी eng अशा वेगवेगळ्या फाईली असतात. प्रथम पीडीएफची पानं सुटी करून प्रत्येकाचं ३०० डीपीआयचं चित्र काढलं. पीडीएफमध्ये आधीपासून असलेला मजकूर बाजूला ठेवला, कारण त्यावरून भाषा ठरवली असती तर सगळीच पानं रोमन लिपीतली निघाली असती.

यानंतरची पायरी लिपी ओळखण्याची. टेसरॅक्टमध्ये त्याची स्वतंत्र सोय आहे. मजकूर न वाचता ती पान सरळ आहे, आडवं आहे की उलटं, आणि लिपी कोणती, एवढंच सांगते. सोबत खात्रीचा एक आकडाही देते. आडव्या पानांना आधी सरळ करावं लागतं, नाहीतर पुढचं सगळं फुकट. पानावर ५०पेक्षा कमी अक्षरं असली, तर ती निकाल न देता पान सोडून देते. कोरी पानं, नुसते शिक्के असलेली पानं अशी आपोआप बाजूला पडतात. हातानं लिहिलेली ५८ पानं मी स्वतः पाहून वेगळी काढली. या प्रणालीला छापील आणि टंकलिखित मजकूर वाचता येतो, हस्ताक्षर नाही.

लिपीवरून इंग्रजी आणि गुजराती पानं वेगळी निघाली. पण मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरी, त्यामुळे लिपीचा उपयोग तिथेच संपतो. तिथे मी पानाचं एक कच्चं वाचन करतो आणि नेहमीचे शब्द मोजतो. आहे, आणि, नाही, यांनी हे मराठीच्या पारड्यात. है, और, में, नहीं, लिए हे हिंदीच्या. ‘का’ आणि ‘की’ दोन्हीकडे चालतात, म्हणून ते मोजायचेच नाहीत. ‘ळ’ वारंवार आला तर पान बहुधा मराठी. ड आणि ढ यांच्याखाली नुक्ते दिसले तर बहुधा हिंदी.

यात एक खाचखळगा आहे. कच्चं वाचन हिंदीच्या सेटिंगनं केलं, तर वाचणाराच हिंदीकडे झुकलेला असतो. तो हिंदी मजकुरावर शिकलेला असल्यामुळे अस्पष्ट ‘नाही’चं ‘नहीं’ करून ठेवतो, आणि मग आपण मोजतो ते त्याचे शब्द, कागदावरचे नव्हेत. म्हणून कच्च्या वाचनासाठी कोणत्याही एका भाषेची फाईल न घेता, संपूर्ण देवनागरी लिपीसाठी बनवलेली सर्वसाधारण फाईल घ्यावी. भाषा ठरली की पक्कं वाचन त्या भाषेच्या फाईलनं. काही पानांवर वर इंग्रजी मथळा आणि खाली मराठी मजकूर होता. तिथे mar+eng अशी जोडी दिली.

इथवर सगळं ठीक झालं. चूक झाली ती पुढे, आणि ती माझी.

जुन्या झेरॉक्स प्रतींवर शिरोरेषा पुसट होते. गुजराती लिपी म्हणजे बरीचशी शिरोरेषा काढलेली देवनागरीच. त्यामुळे काही फिकट मराठी पानांना यंत्र गुजराती ठरवू लागलं, खात्रीचा आकडा कमी दाखवून. मी एक नियम घातला : खात्री कमी असेल आणि आगचं-मागचं पान मराठी असेल, तर मधलंही मराठी धरायचं. नियम शहाणपणाचा वाटला. जबाब दहा-बारा पानं चालतो, मध्येच भाषा कशाला बदलेल? फिकट पानं खरोखरच सुधारली. मी शोध लावला. आजोबांचं नाव आलं नाही.

तिला फोन करून ‘नाही’ म्हणून सांगायच्या आधी मी आणखी एक तपासणी केली. पक्क्या वाचनानंतर प्रत्येक पानावरचे नेहमीचे शब्द पुन्हा मोजले. जबाबाच्या मराठीत दर दोन-तीन ओळींत एखादा ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘यांनी’ येतोच. १८७ क्रमांकाच्या पानावर यंत्रानं तीनशेच्यावर शब्द वाचले होते आणि त्यांत यातला एकही नव्हता.

पान उघडून पाहिलं. जबाबाला जोडलेला तो पुरावा होता, जमीनदाराच्या वहीतल्या नोंदींचा गुजरातीत टंकलिखित केलेला उतारा. १८६ मराठी, १८८ मराठी, आणि मध्ये हे एकटं. यंत्रानं ते आधी बरोबर गुजराती ओळखलं होतं. प्रत फिकट असल्यामुळे खात्री कमी दाखवली, आणि माझ्या नियमानं त्याला मराठी करून टाकलं. गुजराती ग, म, न, र ही अक्षरं देवनागरीशी इतकी जुळती की मराठीच्या फाईलनं ती देवनागरी समजून वाचली. रोमन चिखल असता तर नजरेत भरला असता. हा मजकूर दुरून मराठीसारखाच दिसत होता.

तो उतारा guj फाईलनं पुन्हा वाचला. तरी शोध रिकामाच, कारण आता मजकूर गुजराती अक्षरांत आणि आम्ही शोधत होतो देवनागरीत. सुदैवानं युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी समांतर आहे. गुजराती अक्षराच्या क्रमांकातून ३८४ वजा केले की तेच देवनागरी अक्षर मिळतं. त्या पानाची अशी एक देवनागरी प्रत शोधासाठी जोडली. ‘कूळ’ शोधून तरीही काही हाती लागलं नसतं, कारण गुजरातीत कुळाला ‘गणोतियो’ म्हणतात. पण नाव हे नावच राहतं. अकराव्या ओळीत आजोबांचं नाव होतं, गावाच्या नावासकट, आणि पुढे १९५६–५७ सालच्या खंडाचं भात.

तो नियम मी आता बदलला आहे. शेजारच्या पानांचा कौल फक्त लिपी एकच असताना घ्यायचा. नुसती नावांची यादी असेल, मोजायला ‘आहे’ किंवा ‘है’ काहीच नसेल, तर मराठी की हिंदी हे शेजारी सांगू शकतो, आणि तो चुकला तरी नावं बहुधा वाचली जातात. लिपी वेगळी निघाली आणि खात्री कमी असली, तर ते पान वेगळ्या यादीत टाकून माणसानं डोळ्यांनी पाहायचं. या फाईलीत अशी २३ पानं निघाली. पाहायला वीस मिनिटं लागली. त्यांतली चौदा खरोखर फिकट मराठी होती, आणि नऊ गुजराती. ते सगळे जोडलेले पुरावे होते. दाव्याच्या फाईलीत वेगळ्या भाषेचं एकटं पान असतं ते बहुतेकदा असंच कुठून तरी आणून जोडलेलं असतं, आणि माझा नियम नेमकी तीच पानं गिळत होता.

आता अशी फाईल दिली की मी सोबत एक चिठ्ठी देतो. किती पानं कोणत्या भाषेची म्हणून वाचली, किती हस्ताक्षरातली म्हणून वाचलीच नाहीत, आणि कोणती पानं संशयित आहेत, त्यांचे क्रमांक. शिक्षिकेनं ती चिठ्ठी वाचली आणि विचारलं, ‘‘काका, म्हणजे या अठ्ठावन्न पानांत अजून कुणाकुणाची नावं असतील?’’ असतील, मी म्हटलं. ती हातानं लिहिलेली पानं तिनं छापून नेली. गावात गुजराती वाचणारे दोन म्हातारे आहेत, त्यांच्यापुढे बसून ती आता एकेक पान वाचून घेते आहे.