मेलची साखळी आणि सद्यःस्थिती अहवाल
(आढावा बैठकांच्या पूर्वतयारीविषयीच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

शासकीय कार्यालयातील नस्तीचे दोन भाग असतात, हे येथे उपस्थित असलेल्या सर्वांना ठाऊक आहे. एका भागात पत्रव्यवहार लावलेला असतो, दुसऱ्या भागात टिप्पणी. कोणी काय लिहिले ते पत्रव्यवहारात सापडते. त्याचा अर्थ काय, प्रकरण कोठवर आले आणि आता काय करावयाचे, हे टिप्पणीत सापडते. ई-मेल आल्यापासून पत्रव्यवहाराचा भाग कितीतरी पटींनी वाढला. टिप्पणीचा भाग मात्र मेलच्या साखळीला मुळात नसतोच. चाळीस मेलची साखळी वरिष्ठांकडे जशीच्या तशी पाठविणे म्हणजे टिप्पणीवाचून नस्ती सादर करणे होय. सद्यःस्थिती अहवाल म्हणजे ही राहून गेलेली टिप्पणी. ती कशी लिहावयाची, हे एका उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल.

उदाहरणादाखल दोन वाड्यांची एक नळपाणीपुरवठा योजना घ्यावी. नदीकाठी विहीर, तेथून २,४०० मीटर लांबीची जलवाहिनी आणि टेकडीवर पाण्याची टाकी, असे कामाचे स्वरूप आहे. मुदत ३१ ऑक्टोबरची आहे. वाड्यांवरील जुनी विहीर फेब्रुवारीत आटते; त्यामुळे योजना लांबली तर पुढील उन्हाळ्यात पुन्हा टँकरची वाट पाहावी लागणार. ३ जून ते २० ऑगस्ट या काळात उपअभियंता, कनिष्ठ अभियंता, ग्रामपंचायत अधिकारी, कंत्राटदार आणि इतर काहीजण यांच्यात ४१ मेल झाले. २१ ऑगस्टला आढावा बैठक आहे. साखळीतील शेवटच्या मेलमध्ये टाकीच्या छताची छायाचित्रे आहेत आणि ‘काम समाधानकारकरीत्या प्रगतिपथावर आहे’ असे वाक्य आहे. घाईत असलेला कर्मचारी हेच वाक्य अहवालात उतरवितो. ते खोटे नाही. पण ते केवळ टाकीविषयी आहे, योजनेविषयी नाही. साखळीतील शेवटचा मेल म्हणजे प्रकरणाची शेवटची स्थिती नव्हे, ही या कामातील पहिली खूणगाठ.

म्हणून साखळी जुन्या मेलपासून नव्याकडे वाचावी आणि प्रत्येक मेलला क्रमांक द्यावा. उत्तराखाली आधीचे मेल पुन्हापुन्हा जोडलेले असतात; ते एकदाच वाचावेत. त्यानंतर वहीत किंवा संगणकावर एक साधा तक्ता करावा. त्यात मेलचा क्रमांक, मेलची तारीख, घटनेची तारीख, सांगणारी व्यक्ती आणि सांगितलेली गोष्ट एवढे रकाने पुरेत. मेलची तारीख आणि घटनेची तारीख वेगळ्या लिहाव्यात. टाकीच्या छताचे काँक्रीट १६ ऑगस्टला झाले, ते कळविणारा मेल २० तारखेचा आहे. अठ्ठावीस दिवसांची गणना १६ पासून करावयाची, २० पासून नव्हे. ५ ऑगस्टच्या मेलमध्ये ‘उद्यापासून’ असे असेल, तर तक्त्यात ६ ऑगस्ट असे लिहावे. अहवालात ‘उद्या’, ‘लवकरच’, ‘पुढील आठवड्यात’ हे शब्द निरर्थक ठरतात.

तक्त्यातील शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. सांगितलेली गोष्ट कोणत्या जातीची, हे त्यात लिहावयाचे. घडून गेलेली व पाहिलेली गोष्ट, कोणी केलेला दावा, कोणी दिलेला शब्द, झालेला निर्णय आणि विचारलेला प्रश्न या पाच जाती पुरेशा आहेत. अहवालातील बहुतेक चुका एका जातीची गोष्ट दुसऱ्या जातीत गेल्यामुळे होतात. ‘पाइप येत्या आठवड्यात टाकू’ हा शब्द दोन मेलनंतर ‘पाइप टाकले’ असा होतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या योजनेतील १९ क्रमांकाचा मेल कंत्राटदाराचा, २२ जुलैचा. ‘जलवाहिनीचे ८० टक्के काम पूर्ण’ असे त्यात म्हटले आहे. २७ क्रमांकाचा मेल कनिष्ठ अभियंत्याचा, २९ जुलैचा. वाहिनी १,५०० मीटर टाकली असून ४२० मीटर पाइप जागेवर रचून ठेवले आहेत, असे त्यात आहे. १,५०० मीटर म्हणजे २,४०० च्या साडेबासष्ट टक्के. मग ८० टक्के कोठून आले? टाकलेले आणि रचलेले पाइप मिळून १,९२० मीटर होतात, आणि ते बरोबर ८० टक्के आहेत. कंत्राटदाराने जागेवर आलेला माल मोजला, अभियंत्याने जमिनीत गेलेली वाहिनी मोजली. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही. अशा वेळी दोन आकड्यांची सरासरी काढू नये, किंवा सोयीचा आकडा उचलू नये. टक्केवारीऐवजी मीटर लिहावेत आणि काय मोजले तेही लिहावे.

यानंतर प्रश्नांचा रकाना तपासावा. प्रत्येक प्रश्नासमोर त्याचे उत्तर ज्या मेलमध्ये आहे त्याचा क्रमांक टाकावयाचा. ज्या प्रश्नासमोर क्रमांक पडत नाही, तेथे थांबावे. येथे असा एकच प्रश्न राहिला. २३ क्रमांकाचा मेल ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा, २५ जुलैचा. ‘रस्त्याखालून वाहिनी नेण्याची परवानगी आली काय?’ एवढाच त्यात मजकूर होता. पुढच्या मेलपासून चर्चा टाकीकडे वळली आणि प्रश्न मागे पडला. परवानगीसाठी अर्ज १८ जूनला गेला होता. त्याची प्रत ८ क्रमांकाच्या मेलला जोडलेली आहे. अर्ज गेला म्हणजे परवानगी मिळेल, असे सर्वांनी गृहीत धरले.

वस्तुतः रस्ते उपविभागाचे उत्तर ३० जूनलाच आले होते. ते केवळ उपअभियंत्याला आले. त्या कार्यालयाने Reply all ऐवजी नवा मेल लिहिला आणि विषयही आपला वेगळा दिला. विषय बदलला की मेल मूळ साखळीत दिसत नाही, त्याची वेगळी शाखा होते. रस्ता पूर्ववत करण्याच्या खर्चाचा भरणा करावा आणि ओलांडण्याच्या जागेचा नकाशा द्यावा, मग परवानगी देऊ, असे त्यात होते. दोन्हींपैकी काहीही झाले नाही. अहवाल लिहिणाऱ्याला हे साखळी वाचून कळणे शक्य नव्हते. अनुत्तरित प्रश्न दिसल्यावर त्याने उपअभियंत्याला दूरध्वनी केला, तेव्हा ते कळले. टाकलेली १,५०० मीटर वाहिनी रस्त्याच्या अलीकडच्या कडेला येऊन थांबली आहे, आणि ओलांडण्याची जागा ठरल्याशिवाय पलीकडील ९०० मीटरची रेषा ठरत नाही, हेही त्याच संभाषणात स्पष्ट झाले.

आता चार भाग लिहावयाचे. पार्श्वभूमी तीन-चार वाक्यांची असावी. योजना कोणाची, कामाचे स्वरूप काय, मुदत कोणती आणि मुदत चुकल्यास कोणाचे काय होते, एवढे त्यात आले की पुरे. साखळीचा इतिहास तेथे सांगत बसू नये. प्रगतीच्या भागात केवळ पहिल्या जातीच्या गोष्टी घ्याव्यात, आणि त्याही ‘अमुक तारखेअखेर’ असे म्हणून. दावा घ्यावयाचाच असेल, तर तो कोणाचा ते लिहावे.

जोखमीचा भाग लिहिताना ‘परवानगीस विलंब’ एवढे दोन शब्द लिहून भागत नाही. कारण, परिणाम आणि निकराची तारीख या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. तारीख मुदतीपासून उलट मोजीत काढावी. वाहिनी २० मे ते २९ जुलै या दहा आठवड्यांत १,५०० मीटर झाली, म्हणजे आठवड्याला १५० मीटर. उरलेल्या ९०० मीटरला सहा आठवडे लागतील. वाहिनीची दाबचाचणी आणि योजनेची चाचणी यांना दोन आठवडे धरले, तर ३१ ऑक्टोबरपासून मागे जाता वाहिनी १७ ऑक्टोबरला पूर्ण व्हावयास हवी आणि काम ५ सप्टेंबरला सुरू व्हावयास हवे. म्हणजे परवानगीसाठी हाती पंधरा दिवस आहेत. टाकीचे अठ्ठावीस दिवस १३ सप्टेंबरला पूर्ण होतात, त्यानंतर टाकी भरून गळती पाहावयाची आहे; तेथे आज अडचण दिसत नाही. ज्या टाकीची छायाचित्रे सर्वांनी पाहिली ती सुरक्षित आहे, आणि ज्या रस्त्याविषयी कोणी बोलत नव्हते तेथे योजना अडली आहे.

पुढील कार्यवाहीत प्रत्येक ओळीत एक कृती, एक जबाबदार अधिकारी आणि एक तारीख असावी. ‘संबंधितांनी पाठपुरावा करावा’ या वाक्यात तिन्हींपैकी काहीच नसते. तयार झालेला अहवाल पुढीलप्रमाणे होईल :

पार्श्वभूमी : दोन वाड्यांची नळपाणीपुरवठा योजना, विहीर, २,४०० मीटर जलवाहिनी व टाकी. मुदत ३१ ऑक्टोबर. वाड्यांवरील विहीर फेब्रुवारीत आटते.

प्रगती (२० ऑगस्टअखेर) : १,५०० मीटर वाहिनी टाकली, दाबचाचणी बाकी. ४२० मीटर पाइप जागेवर. टाकीच्या छताचे काँक्रीट १६ ऑगस्टला पूर्ण.

जोखीम : रस्ता ओलांडण्याची परवानगी नाही, भरणा व नकाशा ३० जूनपासून प्रलंबित. ५ सप्टेंबरपर्यंत परवानगी न मिळाल्यास सध्याच्या वेगाने मुदत पाळता येणार नाही.

पुढील कार्यवाही : नकाशा – कनिष्ठ अभियंता, २५ ऑगस्ट. भरणा – उपअभियंता, २६ ऑगस्ट. परवानगीची स्थिती सर्वांना कळविणे – उपअभियंता, १ सप्टेंबर.

हा मसुदा बैठकीपूर्वी, त्यात ज्यांची कामे नमूद आहेत त्यांना दाखविणे आवश्यक आहे. तारखा त्यांनी मान्य केलेल्या नसतील, तर तो त्यांचा शब्द नव्हे, लिहिणाऱ्याची अपेक्षा होय. कंत्राटदारालाही १,५०० मीटरचा आकडा दाखवावा. बैठकीत वाद होण्यापेक्षा आदल्या दिवशी झालेला बरा. अहवाल त्याच साखळीत, सर्वांना प्रत देऊन पाठवावा. त्यामुळे ३० जूनचे उत्तर जे पाहू शकले नव्हते, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळेल.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. जे कोणी लिहिलेच नाही, ते साखळीत सापडत नाही. आणि २९ जुलैचे मोजमाप २० ऑगस्टला जागेवरून पुन्हा विचारून घ्यावेच लागते. परंतु कोणता प्रश्न कोणाला विचारावयाचा, हे मात्र तक्ता अचूक दाखवितो. पुढील आढाव्याच्या वेळी पुन्हा पहिल्या मेलपासून प्रारंभ करण्याची गरज पडत नाही. या अहवालातील तीन तारखा समोर ठेवावयाच्या आणि प्रत्येकीसमोर काय घडले, ते लिहावयाचे.