खजिनदारांना लिहिलेले एक पत्र

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं होतं की जुन्या आठवणींवर दहा मिनिटं बोला. पण गणपतीच्या आणि कोजागिरीच्या आठवणी माझ्यापेक्षा छान सांगणारे इथे पुष्कळ आहेत. मी तुम्हाला एका भांडणाची गोष्ट सांगतो. भांडण माझं आणि आपल्या खजिनदारांचं. ते समोरच बसलेत आणि हसतायत, म्हणजे सांगायला हरकत नाही.

मागच्या वर्षी नोटीस बोर्डावर एक परिपत्रक लागलं. मेंटेनन्स दर चौरस फुटाला साडेतीन रुपयांवरून साडेचार रुपये. कारण एका ओळीचं, 'वाढता खर्च'. आपले चाळीस फ्लॅट. त्यातले चोवीस ४५० चौरस फुटांचे, सोळा ७०० चौरस फुटांचे. लहान फ्लॅटचं बिल १,५७५ वरून २,०२५ होणार, मोठ्याचं २,४५० वरून ३,१५०. माझा फ्लॅट मोठा. महिन्याला सातशे रुपये वाढ पाहून माझं डोकं फिरलं. जन्मभर स्टोअर्समध्ये नोकरी केली, त्यामुळे आकडा आला की तो उलटा-सुलटा करून बघायची सवय. मी सेक्रेटरींकडून मागच्या वर्षाचं उत्पन्न-खर्च पत्रक घेतलं आणि बसलो.

पहिल्याच पायरीवर चुकलो. करारनाम्यातला कार्पेट एरिया धरला आणि बेरीज काही जुळेना. आपलं बिल बिल्ट-अप क्षेत्रावर निघतं, ते लक्षात यायला एक संध्याकाळ गेली. बिल्ट-अप धरलं की एकूण २२,००० चौरस फूट होतात. मग सगळं सोपं झालं. दर एक रुपयाने वाढला की सोसायटीकडे महिन्याला बावीस हजार जास्त येणार. एवढे खरंच लागतात का, हा माझा प्रश्न. तेव्हा लिहिलेल्या पत्रातला मुख्य भाग वाचून दाखवतो.

"मा. खजिनदार यांस, स. न. वि. वि. गेल्या वर्षी सभासदांकडून आकारणी ९,२४,००० रुपये झाली व खर्च ११,४०,००० रुपये झाला. तूट २,१६,००० रुपये, हे मान्य. परंतु या खर्चात लिफ्टचे दोर व पुली बदलल्याचे १,८०,००० रुपये आहेत. हा खर्च दरवर्षी होणारा नाही. तो दुरुस्ती निधीतून व्हायला हवा होता. तो वगळल्यास तूट ३६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ३,००० रुपये उरते. वॉचमनच्या एजन्सीने महिन्याला ६,००० रुपये वाढवून मागितले आहेत, तेही धरू. एकूण गरज ९,००० रुपये. भागिले २२,००० चौरस फूट, म्हणजे ४१ पैसे. आपण १०० पैसे मागत आहात. उरलेले ५९ पैसे कशासाठी, याचा खुलासा व्हावा. तसेच वॉचमनचा पगार चौरस फुटावर का वाटला जातो, याचाही खुलासा व्हावा. वॉचमन फ्लॅट राखतो, फूट राखत नाही. कळावे."

शेवटचं वाक्य लिहिताना मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल करतो.

मला वाटलं उत्तर येईल महिन्याने, तेही दोन ओळींचं. तर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी खजिनदार फाईल काखेत मारून घरी आले. म्हणाले, "भाऊ, तुमचं गणित बरोबर आहे. दोर दुरुस्ती निधीतून घ्यायला हवे होते, तेही बरोबर. आता तो निधी मला दाखवा." आणि पासबुक पुढे केलं. त्यात एकवीस हजार रुपये होते.

एवढ्या वर्षांत निधी का जमला नाही? फाईलमध्ये वार्षिक सभांची इतिवृत्तं होती. निधीची वर्गणी सुरू करण्याचा ठराव तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा "पुढच्या वर्षी बघू" म्हणून बाजूला ठेवला होता. त्यातल्या एका वेळी सूचक म्हणून खाली माझंच नाव होतं. चहा गार झाला त्या दिवशी.

मग आम्ही दोघांनी मिळून हिशोब मांडला. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का घ्यायचा असतो. यात जमिनीची किंमत धरत नाहीत. आपल्या फाईलमध्ये आर्किटेक्टचा दाखला आहे, त्यात त्या वेळचा बांधकाम खर्च चौरस फुटाला ६०० रुपये आहे. पाऊण टक्का म्हणजे वर्षाला साडेचार रुपये, पाव टक्का म्हणजे दीड रुपया. दोन्ही मिळून वर्षाला सहा रुपये, महिन्याला ५० पैसे. माझे ४१ आणि हे ५०, झाले ९१. खजिनदारांचा रुपया!

तुम्ही म्हणाल, मग नऊ पैशांसाठी एवढं पत्र कशाला? तर फरक पैशांचा नव्हता, खिशाचा होता. रुपया एकाच दरात घातला असता तर निधीचे ५० पैसे कुठल्या तरी पंपाच्या बिलात विरघळले असते आणि पासबुकात पुन्हा एकवीस हजारच राहिले असते. ते वेगळ्या शीर्षाखाली घ्यायचे, वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय हात लावायचा नाही, हे खजिनदारांनी तिथेच मान्य केलं.

पण पत्रातला दुसरा प्रश्न राहिलाच होता, वॉचमनचा. आणि तोच अवघड निघाला.

नियम असा आहे. वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, ऑफिसचा खर्च, हे सगळं सेवा शुल्क. ते फ्लॅट लहान असो की मोठा, प्रत्येकाने सारखं द्यायचं. लिफ्टचा चालू खर्चही सारखा, तळमजल्यावाल्यांनासुद्धा. शासनाने २००० साली सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली तसा आदेश काढला आणि मुंबई उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. क्षेत्राशी नातं मुख्यतः निधींचं. (आपली सहकारी सोसायटी आहे म्हणून हे. शेजारच्या इमारतीसारखं अपार्टमेंट असतं तर त्यांच्या कायद्याप्रमाणे प्रत्येकाच्या अविभाज्य हिश्श्यावर वाटणी झाली असती. त्यामुळे त्यांचं बिल आणून आपल्याशी ताडून बघू नका.)

या नियमाने आम्ही पुन्हा वाटणी केली. महिन्याचा चालू खर्च, एजन्सीची वाढ धरून, ८६,००० रुपये. त्यातलं पाणी १४,०००. उरले ७२,००० भागिले चाळीस, प्रत्येकी १,८००. पाण्याचे लहान फ्लॅटला तीन नळांचे २५०, मोठ्याला सहा नळांचे ५००. निधी लहानाला २२५, मोठ्याला ३५०. बेरीज केली. लहान फ्लॅट २,२७५. मोठा २,६५०.

आता ऐका. खजिनदारांच्या परिपत्रकाने लहान फ्लॅटला ४५० रुपये वाढ होती, माझ्या नियमाने ७००. मला मात्र सातशेऐवजी फक्त दोनशे. म्हणजे मी न्याय मागायला गेलो होतो, आणि न्यायाने माझे पाचशे वाचवून त्यातले अडीचशे शेजारच्या घरावर टाकले. आजवर मोठे फ्लॅट लहानांचा वॉचमन थोडा थोडा सांभाळत होते, आणि ते आम्हा दोन्ही बाजूंना माहीत नव्हतं. खजिनदार म्हणाले, "तुमचं पत्र मागे घेता का?" मी म्हणालो, "मागे घेऊन नियम बदलतो का? उद्या कुणी रजिस्ट्रारकडे गेलं की हेच होणार. सभेत दोन्ही हिशोब ठेवा."

सभा तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. फळ्यावर दोन्ही रकाने लिहिले होते. माझा फ्लॅट कुठल्या रकान्यात बसतो ते मी आधीच सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पहिल्या मजल्यावरच्या काकू उठल्या. त्यांचं पेन्शनवर चालतं. म्हणाल्या, "वॉचमन सगळ्यांना सारखा म्हणता, कबूल. मग खालची जागा? ती पण सगळ्यांची सारखीच ना? माझ्या दारात गाडी नाही. बारा गाड्या उभ्या असतात, त्याचे किती देता?"

उत्तर होतं शून्य. कारण त्याबद्दल आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आणि पार्किंगचा आकार ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेलाच आहे, त्यासाठी कुणाकडे जावं लागत नाही. तिथल्या तिथे ठराव झाला, गाडीमागे महिन्याला पाचशे रुपये. बारा गाड्यांचे सहा हजार. ते सेवा शुल्कातून वजा केले की प्रत्येक फ्लॅटला दीडशे रुपये कमी. लहान फ्लॅट आला २,१२५ वर. माझं बिल, गाडीसकट, बरोबर ३,००० झालं. घरी येऊन वजाबाकी केली, तर काकूंची वाढ साडेपाचशे आणि माझीही साडेपाचशे. असं व्हावं म्हणून कुणी ठरवलेलं नव्हतं. पण त्या रात्री मला झोप चांगली लागली.

सगळेच खूश झाले असं मात्र नाही. साडेपाचशे रुपये काकूंना माझ्यापेक्षा जड आहेत, हे सारख्या आकड्याने बदलत नाही. दोन गाडीवाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. आणि निधीही पुरेसा आहे असं समजू नका. बांधकामाचा दर आपण तेव्हाचा धरलाय, दुरुस्ती आजच्या दराने करावी लागते. दुरुस्ती निधीत आता वर्षाला ९९,००० रुपये जमतात. म्हणजे मागच्यासारखे दोर पुन्हा बदलायचे झाले तर जवळजवळ दोन वर्षांची जमा एका झटक्यात जाईल. पण निदान ती जमा असेल.

आता तुमच्या बिलावर एका आकड्याऐवजी पाच ओळी येतात. सेवा शुल्क, पाणी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पार्किंग. दर महिन्याला त्या वाचा. सेवा शुल्क वाढलं तर कुठला करार वाढला ते विचारा. निधीच्या दोन ओळी कमी झाल्या तर त्याहून जास्त विचारा. आणि वार्षिक सभेत कुणी "निधीचं पुढच्या वर्षी बघू" म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. ते वाक्य किती महाग पडतं, हे सूचक म्हणून मी सांगू शकतो.

खजिनदारांनी माझं पत्र फाईलला लावलंय आणि त्यावर शेरा मारलाय, 'उत्तर दिले. पत्रलेखकास अंतर्गत हिशोब तपासनीस नेमावे.' तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ते फाईल घेऊन येतात, आणि चहा माझ्याकडे असतो. तो खर्च अजून कुठल्याच शीर्षाखाली टाकलेला नाही.