वजन, मात्रा आणि बारा आठवडे



अंबाजोगाईत जमलेल्या आपणा बालरोगतज्ज्ञांपुढे, परिचारिकांपुढे आणि समुपदेशकांपुढे आज एकाच विषयावर बोलणार आहे. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाला कोणते औषध, किती आणि किती दिवस द्यायचे, हा तो विषय.

दिवसांचा प्रश्न महाराष्ट्रातच तपासला गेला आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, तसेच इथिओपिया आणि युगांडात झालेला अभ्यास 2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. जन्मतः नेविरॅपिनचा एकच डोस मिळालेल्या बाळांपैकी 5.3 टक्के सहाव्या आठवड्यापर्यंत बाधित झाली होती. त्या डोसनंतर आठव्या दिवसापासून सहा आठवड्यांचे होईपर्यंत रोज औषध मिळालेल्यांत हे प्रमाण 2.5 टक्के होते. पण सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांतले अंतर कमी झालेले होते. औषध थांबले होते आणि अंगावरचे दूध चालू होते. 2014 पासून आपल्याकडे प्रत्येक बाधित गर्भवतीला आजन्म एआरटी मिळते, त्यामुळे त्या दुधातला धोका आता तिच्या व्हायरल लोडवर ठरतो.

म्हणून राष्ट्रीय मार्गदर्शनात 32 आठवड्यांनंतरच्या व्हायरल लोडला इतके महत्त्व आहे. तो 1000च्या खाली असेल तर बाळाला एकटे नेविरॅपिन, सहा आठवडे. तो जास्त असेल, आई एआरटीवर नसेल, किंवा तपासणीच झाली नसेल, तर बाळ जास्त जोखमीचे. मग नेविरॅपिन आणि झिडोव्युडिन ही दोन औषधे द्यायची. वरचे दूध असेल तर सहा आठवडे, अंगावरचे असेल तर बारा. ‘रिपोर्ट आलेला नाही’ याचा अर्थ ‘रिपोर्ट चांगला आहे’ असा घेतला जाताना मी पाहिले आहे, आणि मला त्याची फार भीती वाटते.

बीडमध्ये हा रिपोर्ट का नसतो, ते तुम्ही जाणता. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेल्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतात. ज्या आठवड्यांत रक्त घ्यायचे, त्याच आठवड्यांत ती बाई कोयता घेऊन फडात असते.

समजा, धारूर तालुक्यातली अशी एक आई. आठव्या महिन्यात ती फडात होती, बाळंतपणासाठी परत आली, बाळ 2300 ग्रॅमचे झाले. ती अंगावर पाजणार आहे आणि लवकरच पुन्हा कोपीवर जाणार आहे. व्हायरल लोड नाही, म्हणून दोन औषधे, बारा आठवडे. दोन्ही औषधांच्या एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते. वजन 2000 ते 2500च्या गटात, म्हणून नेविरॅपिन 1 मिलि दिवसातून एकदा, झिडोव्युडिन 1 मिलि दोनदा. बाळ 2500च्या वर असते तर प्रत्येक वेळी दीड मिलि. 2000च्या खाली झिडोव्युडिन अर्धा मिलि दोनदा. नेविरॅपिन मात्र किलोमागे 2 मिलिग्रॅम, म्हणजे 1700 ग्रॅमच्या बाळाला 0.34 मिलि. इतक्या लहान बाळाचे यकृत हे औषध सावकाश बाहेर टाकते. अशा बाळाची मात्रा बालरोगतज्ज्ञानेच ठरवावी.

पहिला डोस जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, सहा ते बारा तासांच्या आत. कोपीवर जन्मलेले बाळ उशिरा आले, तरी त्याच भेटीत सुरू करा.

आता चुका कुठे होतात ते सांगतो. हा गट जन्माच्या वजनाचा आहे. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरने बाळ तोलले, 2600 भरले आणि मात्रा वाढवली, असे व्हायला नको. म्हणून कार्डावर जन्मवजन आणि मात्रा दोन्ही लिहा, मात्रा मिलिलिटरमध्ये. घरातला चमचा नको. 5 मिलिचा चमचा भरला तर या बाळाच्या पोटात पाचपट औषध जाते. सिरिंज द्या, 1 मिलिच्या रेघेवर रंगीत पट्टी चिकटवा, नेविरॅपिनची बाटली हलवून घ्यायला शिकवा आणि पहिला डोस आईच्याच हातून तुमच्यासमोर द्या.

सहा आठवड्यांनी नेविरॅपिन 2 मिलि होते. म्हणजे या बाळाला पहिल्या टप्प्यात 42 मिलि, दुसऱ्यात 84, एकूण 126 मिलि लागेल. सांडणारे वेगळे. निघताना तिच्याजवळ किती बाटल्या आहेत, हे या हिशेबाने तपासा. बाटलीवरचे नाव टोळीत कुणी वाचेल म्हणून ती औषध लपवेल, तेव्हा साध्या पिशवीची सोयही तिच्याशी बोलून करा.

सहाव्या आठवड्याची भेट कारखान्याजवळच्या एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात आधीच ठरवून द्या. तिथे टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले जातील, कोट्रायमॉक्साझोल सुरू होईल आणि दोन्ही औषधांच्या मात्रा नव्याने लिहिल्या जातील. झिडोव्युडिनमुळे बाळ पांढुरके पडले आहे का, हेही पाहायचे. शंका आली तर हिमोग्लोबिन तपासा. नेविरॅपिनने पुरळ उठले, तर वाट न पाहता बाळ आणायला आईला आधीच सांगून ठेवा. त्याच भेटीत आईचा राहिलेला व्हायरल लोडही पाठवा. आणि बाळाचा रिपोर्ट बाधित आला, तर तेच प्रतिबंधक औषध ओढत बसू नका. दुसरा नमुना घ्या आणि त्याच्या रिपोर्टसाठी न थांबता बाळाला एआरटी केंद्रात पूर्ण उपचारावर घ्या.