जिभेवर ठेवायची गोळी



गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला येणारा वक्ता सहसा पुस्तक घेऊन येतो. मी खिशातून औषधाच्या स्ट्रिपचा एक तुकडा आणला आहे. मागच्या रांगेतून दिसायचा नाही, म्हणून सांगतो. दहाच्या स्ट्रिपमधून कात्रीने कापून दिलेल्या या तीन गोळ्या. कात्री जिथून फिरली तिथेच औषधाचं नाव छापलेलं होतं. मुदतीची तारीख दुसऱ्या टोकाला, ती दुकानात राहिली. चंदेरी कागदावर शिल्लक आहे ती इंग्रजीतली एक बारीक ओळ: गोळी जिभेवर ठेवा, विरघळू द्या, अख्खी गिळू नका. घरोघरी औषधांच्या डब्यात असे तुकडे पडलेले असतात. ही ओळ वाचली की घरातलं कुणीतरी खात्रीने म्हणतं, "अगं, ही उलटीची गोळी."

बहुतेक वेळा हे बरोबर निघतं. आपल्याकडे जिभेवर विरघळणारी जी गोळी घराघरांत पोचली, ती मळमळ-उलटीवरची ऑनडॅनसेट्रॉन. कंपन्यांनी नावं वेगवेगळी ठेवली, पण त्यापुढे बहुधा 'एमडी' ही दोन अक्षरं असतात. एमडी म्हणजे माउथ डिझॉल्व्हिंग, तोंडात विरघळणारी. डॉक्टरांच्या पदवीशी त्याचा संबंध नाही. हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे, म्हणून सांगून टाकतो. ऑनडॅनसेट्रॉन मूळचं ग्लॅक्सोच्या शास्त्रज्ञांचं. त्या कंपनीचा कारखाना आपल्या अंबडला आहे, तेव्हा हे नाव नाशिककरांना परकं नाही.

आता माझं म्हणणं ऐका. ती ओळ गोळीची जात सांगते, गोळीतलं औषध सांगत नाही. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या इतरही आहेत. क्लोनाझेपाम ही फिट येण्यावर आणि घबराटीच्या झटक्यांवर दिली जाणारी, गुंगी आणणारी गोळी एमडी स्वरूपात मिळते. मानसिक आजारावरची ओलान्झापिन मिळते, अर्धशिशीवरची रिझाट्रिप्टान मिळते. त्यांच्या स्ट्रिपवरही सूचना साधारण हीच. आजोबांना क्लोनाझेपाम चालू आहे आणि नातवाच्या उलटीसाठी मागे आणलेल्या ऑनडॅनसेट्रॉनच्या दोन गोळ्या त्याच डब्यात आहेत, असं घर काल्पनिक वाटत असेल तर आज रात्री स्वतःचा डबा उघडून पाहा. पोराला उलट्या होताहेत, आई घाईत आहे, दिवा मंद आहे, आणि दोन्ही तुकड्यांवर 'टंग' हा शब्द आहे. चुकीची गोळी गेली तर उलटी थांबणार नाहीच, शिवाय पोरगं झापड येऊन पडून राहील. मग ते आजाराने मलूल झालंय की गोळीने, हे डॉक्टरांनाही चटकन कळणार नाही.

खरी ओळख पटते ती घटकांच्या ओळीवरून. 'प्रत्येक माउथ डिझॉल्व्हिंग गोळीत' अशी सुरुवात, पुढे औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम. 2018 पासून मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापण्याचा नियम आहे, त्यामुळे चष्मा नसला तरी ते सापडावं. ऑनडॅनसेट्रॉन साधारणपणे 4 किंवा 8 मिलिग्रॅमची असते, क्लोनाझेपाम 0.25 किंवा 0.5 अशी दशांशात पुष्कळदा दिसते. आकडा पाहून शंका घ्यायला हरकत नाही, निर्णय मात्र नावावरच. नाव कापलं गेलं असेल, तर तो तुकडा औषध म्हणून संपला. माझ्या हातातला हा तुकडा असाच आहे. तो मी कुणाला देणार नाही, तुम्हीही देऊ नका. मेडिकलमध्ये तीनच गोळ्या घ्यायच्या असतील तर नाव शाबूत राहील असं कापून मागा आणि बिल त्या तुकड्याला रबराने गुंडाळून ठेवा. मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक बहुधा बिलावर असतो.

आता ती ओळ मुळात छापतात कशासाठी, हे पाहू. ज्याला उलट्या होताहेत त्याला गोळीबरोबर ग्लासभर पाणी दिलं की पाणीच उलटी काढतं, आणि त्याबरोबर गोळीही बाहेर पडते. म्हणून पाण्याशिवाय घेता येईल अशी गोळी हवी होती. ती बनवायची रीत अशी. मॅनिटॉल नावाची, जिभेला गार लागणारी गोडसर पूड घ्यायची. तिच्यात क्रॉसपोव्हिडोनसारखा पदार्थ घालायचा, जो लाळ झपाट्याने आत ओढून घेतो आणि गोळीला आतून फोडतो. मग नेहमीच्या गोळीपेक्षा हलक्या दाबाने ती घडवायची. बत्तासा जिभेवर बसतो तशी ती बसते. अमेरिकेतल्या औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार अशी गोळी साधारण तीस सेकंदांत विखुरली पाहिजे. युरोपात तीन मिनिटांपर्यंतची सवलत आहे.

इथे एक गैरसमज घट्ट बसला आहे. गोळी जिभेवर विरघळते म्हणजे औषध जिभेतूनच रक्तात जातं आणि म्हणून लगेच गुण येतो, असं लोक समजतात. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीवरून हा समज आला असावा. त्या गोळीचं औषध खरोखरच तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात जातं, म्हणून ती जिभेखाली. ऑनडॅनसेट्रॉनचं तसं नाही. गोळी तोंडात फक्त विखुरते. औषध लाळेबरोबर गिळलं जातं, आतड्यातून रक्तात जातं आणि यकृतातून जाताना त्याचा बराच भाग खर्ची पडतो. रक्तातलं प्रमाण कमाल व्हायला साधारण दीड ते दोन तास लागतात, आराम त्याआधी, अर्ध्या तासाच्या सुमाराला जाणवू लागतो. म्हणून पाच मिनिटांत गुण आला नाही म्हणत दुसरी गोळी देणं चूक. या औषधाचा डोस वाढला की बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी तर होतेच, पण हृदयाच्या ठोक्यांच्या लयीतही बिघाड होऊ शकतो. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे, किंवा ठोक्यांवर परिणाम करणारी दुसरी औषधं चालू आहेत, त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं, असं स्ट्रिपवरची लाल रेघ सांगते.

मग अख्खी गिळली तर काय होतं? काही नाही. ती पोटात जाऊन फुटते आणि जवळजवळ तेवढंच काम करते. पाण्यावाचून घेण्याची सोय तेवढी वाया जाते. घाबरून मुलाच्या घशात बोट घालण्याचं कारण नाही. उलट चूक मात्र महागात पडते. गरोदरपणातल्या मळमळीवर डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन यांची गोळी देतात. तिच्यावर आतड्यात गेल्यावरच सुटणारं वेष्टण असतं, म्हणजे रात्री घेतलेली गोळी सकाळच्या मळमळीच्या वेळी कामाला येते. सासूबाईंनी प्रेमाने म्हटलं, "पाणी पोटात राहत नाही ना, जिभेवर ठेव, चघळ," की ते वेष्टण मोडलं आणि सगळं गणित फिसकटलं. एकाच तक्रारीवरच्या दोन गोळ्या, एक अख्खी गिळू नये आणि दुसरी अख्खीच गिळावी. तिसरा प्रकार 'डीटी', तो चमचाभर पाण्यात विरघळवून द्यायचा.

लहान मुलांच्या बाबतीत या गोळीने खरा फरक कुठे पडला, ते सांगतो. शिकागोत जुलाब-उलट्या होणाऱ्या 215 मुलांवर एक अभ्यास झाला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जिभेवर विरघळणारी ऑनडॅनसेट्रॉन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी. डोस वजनावर होता: 8 ते 15 किलोला 2 मिलिग्रॅम, 15 ते 30 किलोला 4, त्यावर 8. पंधरा मिनिटं थांबून क्षार-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजायला सुरुवात केली. पंधरा मिनिटांच्या आत गोळी उलटून पडली तर ती पुन्हा दिली. पाणी पाजत असताना औषध घेतलेल्यांपैकी 14 टक्के मुलांना उलटी झाली, दुसऱ्या गटात 35 टक्के. सलाईन लावावं लागण्याचं प्रमाणही कमी झालं. जुलाब मात्र थोडे वाढले. म्हणजे गोळीचं काम एवढंच की क्षार-साखरेचं पाणी पोटात टिकावं. आपल्याकडे पुष्कळ घरांत गोळी दिली की आईबाप निश्चिंत होतात आणि पाण्याचं राहून जातं. बाळाला शू होत नाही, डोळे खोल गेले, उलटी हिरवी किंवा रक्ताची आहे, डोक्याला मार लागला होता, अशा वेळी गोळी शोधत बसू नये. दवाखाना गाठावा.

आता नाशिककरांचा लाडका प्रश्न. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना, किंवा कसाऱ्याचा घाट उतरताना ज्यांना गाडी लागते, त्यांना ही गोळी चालते का? बऱ्याच जणांच्या पर्समध्ये ती याच कारणाने असते. पण गाडी लागण्यावर ऑनडॅनसेट्रॉनचा फारसा उपयोग होत नाही. पोट बिघडल्याची वर्दी आतड्यातून मेंदूला सेरोटोनिनच्या वाटेने जाते आणि ही गोळी ती वाट अडवते. वळणांची वर्दी मात्र कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियातून, हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिनच्या वाटेने येते. तिथे प्रोमेथाझिनसारखं औषध लागतं, आणि तेही गाडी सुरू होण्याच्या तासभर आधी. त्याने झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने घेऊ नये, दोन वर्षांखालच्या मुलांना तर मुळीच देऊ नये. पुढची सीट आणि दूरवर लावलेली नजर यांचा उपयोग औषधाइतकाच असतो. वांती झाल्यावर गोळी जिभेवर ठेवणारे घाटात बरेच भेटतात. खाली उतरल्यावर मळमळ ओसरतेच, श्रेय गोळीला मिळतं.

वापरण्याबद्दल थोडंसं. गोळी आयत्या वेळीच काढा, हात कोरडे ठेवून. मागचा कागद सोलायचा असं छापलं असेल तर सोलाच, अंगठ्याने ढकलली की ती चुरते. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या दमट हवेत कापलेल्या तुकड्याच्या एखाद्या खाचेला बारीक भोक पडलेलं असतं. आतली गोळी फुगलेली, डागाळलेली किंवा कागदाला चिकटलेली दिसली तर टाकून द्यावी.

आणि एक अडचण छापील सूचनेत सहसा नसते. दिवसभर उलट्या झालेल्या माणसाच्या तोंडात लाळच उरलेली नसते. म्हाताऱ्यांची तोंडं एरवीही कोरडी असतात. गोळी जिभेवर ठेवली तर ती तशीच खडूसारखी बसून राहते, आणि माणूस वैतागून ती थुंकतो. अशा वेळी आधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करून ते पाणी थुंकायला सांगा, मग गोळी ठेवा. तरीही विखुरली नाही तर ती चमचाभर पाण्यात कालवून द्या. चमचाभर पाणी बहुतेकांच्या पोटात राहतं.