सायटेशन खरं आहे ना?

मसुदा टाइप होऊन आला की आपण अशिलाचं नाव, तारखा, रकमा डोळ्यांत तेल घालून पाहतो. निवाड्यांची यादी मात्र पुष्कळदा तशीच पुढे जाते. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात २०२३ साली हेच अंगाशी आलं. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी ‘वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स’ हा निवाडा दाखला म्हणून दिला. फेडरल रिपोर्टरची तिसरी मालिका, खंड ९२५, पान १३३९. तो चॅटजीपीटीनं रचलेला होता. खंड खरा होता, पण तो पत्ता निघाला दुसऱ्याच न्यायालयाच्या, दुसऱ्याच पक्षकारांच्या निकालाचा. न्यायालयानं प्रत मागितली, तेव्हा वकिलांनी त्याच साधनाकडून मजकूर काढून दाखल केला. पुढे पाच हजार डॉलरचा दंड झाला.

तेव्हा पहिलं पथ्य हे, की ज्यानं निवाडा सुचवला त्यालाच ‘खरा आहे ना?’ असं विचारून भागत नाही. मग तो संगणक असो, ज्युनिअर असो की जुना मसुदा.

मसुद्यातले सगळे निवाडे वेगळ्या कागदावर उतरवून घ्या, तळटिपांतलेसुद्धा. मग एकेक उघडा. समजा, मनेका गांधी विरुद्ध भारत सरकार, एआयआर १९७८ एससी ५९७. त्या वर्षाचा खंड काढून पान ५९७ उघडा. तिथं हेच पक्षकार आहेत का? निकाल २५ जानेवारी १९७८ चा, सात न्यायमूर्तींचा आहे का? नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआरवर पक्षकारांच्या नावानं तोच निकाल शोधा आणि तारीख, खंडपीठ ताडून पाहा. दोन्हीकडे जुळलं, तरच पेन्सिलीनं खूण करा.

टायपिंगमध्ये ५९७ चे ५७९ होतात. पान जुळलं नाही म्हणून निवाडा लगेच खोटा ठरवू नका. नावानं शोधा, म्हणजे चूक आकड्याची की मुळातच, ते कळतं. अप्रकाशित निकाल असेल, तर प्रकरण क्रमांक आणि वर्ष घेऊन त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहा. उच्च न्यायालयांचे जुने निकाल तिथं नसूही शकतात. अशा वेळी प्रमाणित नक्कल मागवावी, आणि ती हाती येईपर्यंत तो निवाडा मसुद्यातून काढून ठेवावा.

अस्तित्व सिद्ध झालं तरी काम उरतंच. मसुद्यात अवतरणचिन्हांत दिलेलं वाक्य निकालाच्या त्याच परिच्छेदात बोटानं शोधा. ते न्यायालयाचं मत आहे, की वकिलाचा युक्तिवाद नोंदवताना लिहिलेली ओळ? ही गफलत मी खऱ्या निवाड्यांच्या बाबतीत फार वेळा पाहिली आहे. उघडलेल्या प्रत्येक निकालाचं पहिलं पान आणि तो परिच्छेद छापून फाइलला लावा. सही करणाऱ्या वकिलानं ती पानं स्वतः वाचावीत. कारकुनाची खूण पाहून सही करू नये.